चिठ्ठीवरची गोळी मिळत नाही, दुसऱ्या कंपनीची घ्यावी का?

मेडिकलच्या काउंटरवर हे रोज ऐकू येतं: "ही संपलीय, दुसऱ्या कंपनीची आहे. कंटेंट सेम आहे, देऊ का?" बऱ्याचदा कंटेंट खरोखरच तोच असतो आणि गोळी बदलून काही बिघडत नाही. पण कधी कधी फक्त औषधाचं नाव जुळतं आणि गोळी वेगळीच निघते. हा फरक ओळखायला डॉक्टरकी शिकावी लागत नाही. स्ट्रिपची मागची बाजू वाचता आली की निम्मं काम होतं.

त्यासाठी एकच औषध घेऊ आणि नीट बघू. मेटोप्रोलॉल. बीपी, छातीत दुखणं, हृदयाचे वाढलेले ठोके यांसाठी दिली जाणारी ही गोळी अनेक घरांत असते. समजा चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव, त्यापुढे "एक्सएल ५०" आणि "सकाळी १" असं लिहिलंय. घरात उद्यापुरती एकच गोळी उरलीय आणि दुकानात ती कंपनी नाही.

आधी घरातली स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, त्यावरून काही ठरवू नका. बारीक मजकूर साधारण असा असतो: प्रत्येक एक्स्टेंडेड रिलीज गोळीत मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५ मि.ग्रॅ., म्हणजे मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५० मि.ग्रॅ. इतकं. इथे बरेच जण गडबडतात. डॉक्टरांनी ५० लिहिलंय आणि गोळीत ४७.५ कसं? यात गोळी कमी पॉवरची नाही. मूळ औषध पोटात घेण्याजोगं व्हावं म्हणून त्याचा क्षार बनवतात. सक्सिनेट हा एक क्षार, टार्ट्रेट हा दुसरा. दोन्हींचं वजन वेगळं असल्यामुळे तेवढंच औषध मिळायला सक्सिनेट ४७.५ लागतं. म्हणून एका स्ट्रिपवर ठळक ५० आणि दुसरीवर ठळक ४७.५ असलं, तरी मागचा मजकूर सारखा असेल तर दोन्हींत औषध तेवढंच आहे.

याच ओळीत "एक्स्टेंडेड रिलीज" हे शब्दही आहेत आणि गोंधळ सगळ्यात जास्त त्यांच्यामुळेच होतो. गोळीतून औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं अशी तिची बांधणी केलेली असते. नावापुढे एक्सएल, ईआर, एसआर, पीआर, ओडी यांपैकी काहीही असू शकतं. ही अक्षरं प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने लावते, त्यामुळे एकीची "एक्सएल" आणि दुसरीची "ईआर" ही तंतोतंत तीच गोळी असू शकते. उलट, नाव तेच पण पुढचं अक्षर नाही, अशी गोळी पूर्ण वेगळी असू शकते.

आता दुकानदार काय काय पुढे करू शकतो ते बघू.

पहिली, दुसऱ्या कंपनीची मेटोप्रोलॉल सक्सिनेट एक्स्टेंडेड रिलीज, ४७.५ म्हणजे ५०. औषध, क्षार, पॉवर आणि सुटण्याची पद्धत, चारही जुळतात. हा खरा पर्याय. डॉक्टरांना कळवून ही घ्यायला हरकत नसते.

दुसरी, साधी मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५०. नाव तेच, आकडा तोच, पण ही सगळं औषध एकदम सोडते आणि सहसा दिवसातून दोनदा घ्यायची असते. सकाळी एकच घेतली तर दुपारपर्यंत चक्कर, थकवा, नाडी मंद; आणि रात्री व पहाटे औषध जवळपास संपलेलं. हार्ट फेल्युअर असलेल्या पेशंटला तर सक्सिनेटची सावकाश सुटणारी गोळीच विचार करून दिलेली असते. ही बदली डॉक्टरांशिवाय करू नये.

तिसरी, त्याच प्रकारची पण २५ ची, "दोन घ्या, झालं पन्नास". हिशेब बरोबर आहे आणि डॉक्टरही बहुधा हो म्हणतील. धोका पुढच्या महिन्यात असतो. ५० ची स्ट्रिप परत मिळते, पण तोवर दोन गोळ्यांची सवय लागलेली असते, आणि पेशंट सवयीने ५० च्याही दोन घेतो. २५ च्या स्ट्रिपवर "दोन" असं ठळक लिहायचं आणि ती संपेपर्यंत ५० ची डब्यात ठेवायची नाही.

चौथी, १०० ची, "अर्धी करा". गोळीच्या मधोमध रेघ असेल आणि कंपनीने ती मोडायची परवानगी दिली असेल, तरच. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या रेघ असलेल्या गोळ्या बहुधा अर्ध्या करता येतात, पण चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत. कुटली की सावकाश सुटायची सगळी सोय मोडते आणि दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. हा नियम सगळ्याच सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांना लावता येत नाही. काही गोळ्यांवरचं आवरणच औषध रोखून धरतं. त्या अर्ध्या केल्या तरी बिघडतात.

पाचवी, एस-मेटोप्रोलॉल २५. मेटोप्रोलॉलमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रेणू अर्धे-अर्धे असतात, आणि काम करणारा मुख्यतः त्यातला "एस" असतो. म्हणून नुसता एस घेतला तर २५ हे साध्या ५० च्या जागी धरतात. अम्लोडिपिनचंही असंच आहे: एस-अम्लोडिपिन २.५ हे अम्लोडिपिन ५ च्या जागी. पण नोंदीत ते वेगळं औषध आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं तर घ्या. "एस" न वाचता त्याच्या दोन गोळ्या घेतल्या, तर डोस दुप्पट होतो.

सहावी, मेटोप्रोलॉलसोबत अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असलेली जोडगोळी. नावापुढे "एएम" किंवा "टी" अशी एक-दोन अक्षरं, बाकी स्ट्रिपचा रंगही तोच. ही घेतली तर बीपीचं एक जादा औषध सुरू होतं, आणि पेशंट ते आधीच वेगळं घेत असेल तर तेच दोनदा जातं. ही सरळ परत करा. अटेनोलॉल किंवा बिसोप्रोलॉल याच गटातली असली तरी औषधं वेगळी आहेत, डोसही वेगळा. ती निवड डॉक्टरांची.

कायदाही दुकानदाराला मोकळीक देत नाही. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ (११ए) सांगतो की शेड्यूल एच, एच१ किंवा एक्समधलं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याऐवजी दुसरं उत्पादन देता येत नाही, घटक तोच असला तरीही. बीपी, मधुमेह, अँटिबायोटिक, झोपेच्या गोळ्या असं बहुतेक चिठ्ठीवरचं औषध यात येतं. काउंटरवर हा नियम किती पाळला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. तरी त्याचा उपयोग असा की "आधी डॉक्टरांना विचारतो" म्हणायला संकोच वाटायचं कारण नाही. चांगला फार्मासिस्ट स्वतःच डॉक्टरांना फोन लावतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलं असेल तर कायद्याची अडचण येत नाही. त्या नावाची कोणत्याही कंपनीची, जनऔषधी केंद्रातलीसुद्धा, गोळी चालते. २०१६ पासून डॉक्टरांच्या आचारसंहितेत मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं असं आहे. पुढच्या वेळी चिठ्ठी लिहून घेताना तेवढं मागून बघा.

डॉक्टरांना फोन किंवा मेसेज करताना "गोळी मिळत नाही, काय करू?" एवढंच विचारलं तर उत्तर मिळायला वेळ लागतो, कारण पुढे चार प्रश्न त्यांनाच विचारावे लागतात. सगळं एकदम पाठवा:

"नमस्कार डॉक्टर. माझ्या वडिलांना, वय ६४, तुम्ही मेटोप्रोलॉल सक्सिनेट एक्सएल ५०, सकाळी १, दिलीय. उद्यापुरती एकच गोळी उरली आहे. दुकानात ही कंपनी नाही. दुसऱ्या कंपनीची एक्सएल ५० आहे, स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवतोय. बाकी गोळ्या त्याच आहेत, आज नाडी ६८, बीपी १३२/८०. ही चालेल का? किती आणि केव्हा घ्यायची?"

फोटो मागच्या बाजूचा हवा, आणि त्यात घटकांची ओळ वाचता यायला हवी. उत्तर आलं की तो मेसेज दुकानदाराला दाखवा. बिलावर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर आहे का बघा. बदललेल्या गोळीवर काही झालं तर हाच कागद उपयोगी पडतो.

उत्तर येईपर्यंत काय करायचं, हे औषधावर अवलंबून असतं. कोलेस्टेरॉलची किंवा व्हिटॅमिनची गोळी एक दिवस चुकली तर शरीराला फारसा फरक पडत नाही. स्टॉकिस्टकडून उद्या माल येणार असेल तर थांबा. मेटोप्रोलॉलचं तसं नाही. ते बरेच दिवस घेतल्यावर हृदयाला त्या लगामाची सवय होते, आणि अचानक बंद केलं तर दोन-तीन दिवसांत धडधड, छातीत दुखणं, बीपी चढणं असा उलटा फटका बसू शकतो. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना तर अॅटॅकचाही धोका असतो. फिट्सच्या गोळ्या, इन्सुलिन, महिनोन्महिने चालू असलेलं स्टेरॉइड, स्टेंट बसवल्यानंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, बीपीचं क्लोनिडिन, यांचंही असंच. इथे थांबणं हे वेगळी कंपनी घेण्यापेक्षा जास्त धोक्याचं. दुसरं-तिसरं दुकान बघा, मोठ्या हॉस्पिटलमधलं मेडिकल बघा. डॉक्टर लागत नसतील तर त्यांचा असिस्टंट, नाहीतर जवळचं हॉस्पिटल. डोस चुकू देऊ नका.

लहान मुलांच्या पातळ औषधांत चूक वेगळ्या जागी होते: ती मिलीत होते. तापाचं पॅरासिटामॉल घ्या. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मि.ग्रॅ. असतं, दुसऱ्यात ५ मिलीत २५० मि.ग्रॅ., आणि ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीतच १०० मि.ग्रॅ. १० किलोच्या बाळाला एका वेळेला १५० मि.ग्रॅ. द्यायचे आहेत असं धरा (किलोमागे १५). पहिल्या सिरपचे ते ६ मिली होतात, दुसऱ्याचे ३ मिली, ड्रॉप्सचे १.५ मिली. आता दुकानात १२५ वालं नव्हतं, २५० वालं दिलं, आणि आईने चिठ्ठी बघून नेहमीचे ६ मिली पाजले. बाळाला दुप्पट गेलं. असं चार-सहा तासांनी दोन दिवस चाललं तर यकृताला धोका. म्हणून पातळ औषध बदललं की "किती मिली" हे नव्याने विचारायचं, आणि बाळाचं आजचं वजन सांगून विचारायचं. नव्या बाटलीसोबत आलेलं मापच वापरा. जुन्या ड्रॉपरने नवं औषध मोजू नका.

अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक अॅसिड या जोडीत आणखी एक मेख आहे. ६२५ ची गोळी म्हणजे ५०० अधिक १२५. ३७५ ची गोळी म्हणजे २५० अधिक १२५. ६२५ मिळाली नाही म्हणून कोणी ३७५ च्या दोन दिल्या तर अमॉक्सिसिलिन ५०० होतं, पण क्लॅव्हुलॅनिक अॅसिड दुप्पट, २५०. फायदा काही नाही, जुलाब मात्र वाढतात. जोडऔषधांत बेरजेचा आकडा जुळवायचा नाही, प्रत्येक घटक वेगळा जुळवायचा.

इन्सुलिनमध्ये आकडा वाचणं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा १ मिलीत ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं, आणि काही बाटल्याही १०० च्या येतात. सिरिंजही वेगळी: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. ४० ची बाटली नाही म्हणून १०० ची आणली आणि घरातल्या लाल टोपीच्या सिरिंजने "२० युनिट" ओढले, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. साखर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडतो. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढायचंच नाही. नावही पूर्ण जुळवा: "३०/७०" आणि "५०/५०" किंवा लगेच काम करणारं आणि दिवसभर टिकणारं, ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आता राहिली ती औषधं, जिथे स्ट्रिपवरचं सगळं तंतोतंत जुळूनही डॉक्टरांना विचारायलाच हवं. यांत उपयोग होणारी आणि त्रास देणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं असतं. दोन कंपन्यांच्या गोळ्यांतून रक्तात जाणाऱ्या औषधात थोडा फरक चालतो असं धरलेलं असतं, आणि मेटोप्रोलॉलसारख्या औषधात तो जाणवतही नाही. इथे जाणवू शकतो. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि व्हॅलप्रोएट, मानसिक आजारातलं लिथियम, हृदयाचं डिगॉक्सिन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि असेनोकुमरॉल, दम्याचं थिओफिलिन, प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन. यांपैकी काही चालू असेल तर नाव मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

फेनिटॉइनचा स्वभाव यात खास आहे. यकृत हे औषध एका मर्यादेपर्यंतच निकामी करू शकतं. ती मर्यादा गाठली की डोस थोडासा जरी वाढला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं. पेशंट तोल जाऊन चालतो, डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसतात, झापड येते, बोलणं जड होतं. घरच्यांना वाटतं झोप झाली नाही. उलट बाजूने औषध थोडं कमी मिळालं तर वर्षानुवर्षं न आलेली फिट येते. दोन्हींतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि कंपनी बदलल्याचं सांगा. व्हॅलप्रोएटमध्ये साधी, आतड्यात सुटणारी आणि सावकाश सुटणारी अशा तीन तऱ्हा असतात, त्यामुळे तिथे मेटोप्रोलॉलसारखीच मागची ओळ अक्षरशः वाचावी लागते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत लोक वॉरफरिन, असेनोकुमरॉल, अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांना एकच समजतात. ही चार वेगवेगळी औषधं आहेत. वॉरफरिनचे ३ मि.ग्रॅ. म्हणजे असेनोकुमरॉलचे ३ मि.ग्रॅ. नव्हेत. कंपनी बदलली तरी आठवडाभरात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासावा लागतो, तारीख डॉक्टरांकडून घ्या. हिरड्यांतून रक्त, काळी शी, कारण नसताना निळे डाग दिसले तर तपासणीची वाट बघू नका.

कोणतीही गोळी बदलल्यावर ओठ-चेहरा सुजला, श्वास घेताना घरघर झाली, अंगावर पुरळ उठून ताप आला, तर फोनवर बोलत बसू नका; १०८ ला फोन करा किंवा हॉस्पिटल गाठा. मेटोप्रोलॉलच्या पेशंटला नाडी ५० च्या खाली गेली, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा दम लागला तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

घरात सगळ्यात जास्त होणारी चूक अगदी साधी आहे. नवी कंपनी आली, आठवड्याने जुनी मिळाली, दोन्ही डब्यात राहिल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून दोन औषधं समजून दोन्ही सुरू. ज्यांच्या गोळ्या दुसरं कोणी काढून देतं तिथे हे हमखास होतं. नवी आणली त्याच दिवशी तिच्यावर मार्करने लिहा, "जुन्या पांढऱ्या बीपीच्या गोळीऐवजी", आणि जुनीच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून काढा.

थायरॉइडच्या गोळीत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तिची पॉवर मायक्रोग्रॅममध्ये असते, आणि १२.५ व १२५ यांत फरक फक्त एका टिंबाचा. दुकानातून निघण्याआधी ते टिंब मोठ्याने वाचून घ्या. दुसरं, हे औषध शरीरात हळू साठतं आणि हळू उतरतं. कंपनी बदलल्यावर टीएसएच सहा आठवड्यांनी तपासला तरच खरा आकडा कळतो. आठवड्यात केलेली तपासणी जुन्याच गोळीचं उत्तर देते. त्या सहा आठवड्यांत जुनी कंपनी परत मिळायला लागली तरी मध्येच उलटं फिरू नका. नाहीतर येणारा टीएसएच ना धड या गोळीचा, ना त्या गोळीचा, आणि डॉक्टर त्यावर डोस ठरवू शकत नाहीत. नव्या गोळीच्या दोन महिन्यांच्या स्ट्रिप एकदमच आणून ठेवा, आणि तपासणी होऊन डॉक्टरांशी बोलणं झालं की मग कोणती चालू ठेवायची ते ठरवा.